मदत हवी आहे: /27 मास्कमध्ये ३० होस्ट, पण गेटवे धरायचा की नाही?

नमस्कार मंडळी, सोलापुरात नेटवर्किंगचा क्लास करतोय, सरांनी घरी करायला एक गणित दिलंय ते जरा चेक करून द्या की. एका चादर कारखान्याला 192.168.40.0/24 हे नेटवर्क दिलंय, त्याचे ६ विभाग करायचेत आणि सगळ्यात मोठ्या विभागात म्हणजे डिझाइन सेक्शनला ३० कॉम्प्युटर आहेत, बाकीचे सगळे २० च्या आतले.

मी असं केलं, ६ विभागांना २ बिट पुरत नाहीत कारण चारच सबनेट होतात, म्हणून ३ बिट घेतले, मास्क आला 255.255.255.224 म्हणजे /27, होस्टला ५ बिट राहिले, ३२ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा वजा केला की ३० उरले. बरोबर बसलं वाटलं! पण राउटरच्या त्या बाजूच्या पोर्टलापण त्याच सबनेटमधला पत्ता लागतो ना, मग ३० कॉम्प्युटर अधिक गेटवे ३१ झाले, एक कमी पडतोय. वर्गातले बाकीचे म्हणतायत गणितात गेटवेचं नावच नाही, सोड. मला ते काय पटंना.

सगळीकडे /26 द्यावं तर ६२ होस्ट मिळतात पण सबनेट परत चारच. म्हणून डिझाइनला एकट्याला 192.168.40.0/26 आणि बाकी पाच विभागांना .64, .96, .128, .160, .192 पासून एकेक /27, .224 शिल्लक. हे कुठं ओव्हरलॅप होत नाही ना? आणि प्रश्नात वेगवेगळे मास्क चालतील असं लिहिलेलं नसताना असं उत्तर दिलं तर चालतं का, परीक्षेत काय धरतात?