मदत हवी आहे: इटालियन 'सात डब्यांच्या केक'ची मापे मराठीत कशी लिहावीत?

रानजाई:
नमस्कार. आमच्या काकूंसाठी मी एका इटालियन केकची कृती मराठीत उतरवत आहे. काकूंचा हात स्वयंपाकात मुरलेला आहे, परंतु केकच्या बाबतीत त्या कागदावर लिहिलेले तंतोतंत पाळतात, म्हणून कोणतेही माप संदिग्ध ठेवून चालणार नाही. कृती इटलीत घरोघरी होणाऱ्या 'तोर्ता सेत्ते वासेत्ती'ची आहे. तिला वजनकाटा लागत नाही. दह्याची १२५ ग्रॅमची एक डबी रिकामी करायची आणि तिनेच बाकीचे जिन्नस मोजायचे. दही १ डबी, साखर २, मैदा ३ आणि तेल १, अशा एकूण ७ डब्या होतात. शिवाय ३ अंडी, एका लिंबाची किसलेली साल आणि 'लिएवितो पेर दोल्ची'ची एक 'बुस्तीना', म्हणजे पुडी, लागते.

माझ्या अडचणी अशा. डबीऐवजी 'वाटी' लिहावे की सरळ ग्रॅम द्यावेत? माझ्याजवळच्या शब्दकोशात 'लिएवितो'चा अर्थ यीस्ट असा दिला आहे. मग पुडीत नेमके किती यीस्ट असते? आणि 'फोर्नो स्तातिको, १८० अंश' यातील 'स्तातिको' काकूंना कसे सांगावे?

खमंग_फोडणी:
बाजारात कोरड्या यीस्टची पुडी साधारण ७ ग्रॅमची मिळते, इटलीतही तीच मिळते. त्यामुळे एका पुडीसाठी ७ ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन छोटे चमचे, असे लिहावे. यीस्ट कोमट पाण्यात फुलवून घ्यायला मात्र काकूंना सांगा, कारण इटालियन कृतीत ते गृहीत धरलेले असते.

किसणी:
पुडीचे वजन बरोबर आहे, पण ती पुडी वेगळी. पावासाठी आणि पिझ्झासाठी जे वापरतात ते 'लिएवितो दि बिर्रा', आणि त्याच्या कोरड्या पुडीचे वजन ७ ग्रॅम असते. या कृतीत 'पेर दोल्ची', म्हणजे गोड पदार्थांसाठीचे, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ते म्हणजे आपली बेकिंग पावडर. तिची पुडी सहसा १६ ग्रॅमची असते आणि पुष्कळदा तिच्यात व्हॅनिलाचा वासही घातलेला असतो. तेव्हा काकूंना थोडा व्हॅनिला इसेन्स वेगळा घालायला सांगितला तर चव मूळच्या जवळ जाईल.

कृतीत नुसतेच 'लिएवितो' लिहिले असेल तर पुढची वाक्ये वाचावीत. मिश्रण झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवायला सांगितले असेल तर ते यीस्ट. सगळे कालवून लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायला सांगितले असेल तर ती बेकिंग पावडर. तुमच्या कृतीत मिश्रणाला विश्रांती नाही, त्यामुळे यीस्ट घातले तर त्याला फुगायला वेळच मिळणार नाही आणि केक दडस, चिकट होईल.

पाटावरवंटा:
माझा प्रश्न थोडा निराळा आहे. माझ्याकडच्या एका सॉसच्या कृतीत 'कुक्यायो' आणि 'कुक्यायीनो' असे दोन शब्द आहेत आणि मराठी भाषांतरात दोन्हीकडे 'चमचा' छापला आहे. आमच्याकडे चमचा म्हटले की कोणी चहाचा घेतो, तर कोणी भाजी वाढायचा. याचे काय करावे?

किसणी:
पहिला सुमारे १५ मिलिलिटरचा आणि दुसरा सुमारे ५ मिलिलिटरचा. 'मोठा' आणि 'छोटा' लिहून भागत नाही, मिलिलिटर द्यावेतच. आता मूळ प्रश्नाकडे येते.

या केकमध्ये डबी हे प्रमाणाचे माप आहे, परंतु अंडी आणि पुडी डबीने मोजायची नाहीत. खरी मेख तिथे आहे. काकूंनी २०० मिलिलिटरची वाटी घेतली तर दही, साखर, मैदा आणि तेल दीडपटीहून जास्त होईल, अंडी मात्र तीनच राहतील. मिश्रण घट्ट होईल आणि २२ सेंटिमीटरच्या भांड्यात मावणारही नाही. म्हणून 'वाटी' लिहू नये. २५० मिलिलिटरचा मापाचा कप असेल तर त्याचा अर्धा कप म्हणजे बरोबर १२५ मिलिलिटर होतात. 'डबी म्हणजे अर्धा कप' असे सुरुवातीलाच लिहून पुढे डबीच वापरावी. तपासण्यासाठी वजन हवे असेल तर तीन डब्या मैदा अंदाजे २१० ग्रॅम भरतो आणि दोन डब्या साखरही जवळजवळ तेवढीच. मैदा दाबून भरला तर हा आकडा सहज वाढतो, म्हणून 'मैदा हलक्या हाताने भरून वरून सपाट करावा' हे वाक्य कृतीत असलेच पाहिजे.

'स्तातिको' म्हणजे पंखा बंद, वरची आणि खालची कांडी चालू. पंखा बंद होत नसेल तर १६० अंशांवर ठेवावे. वेळ साधारण ३५ ते ४० मिनिटे धरा, पण मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघते की नाही हेच खरे. तेलाकडेही लक्ष द्या. कृतीत 'ओल्यो दि सेमी' असेल तर ते बियांचे तेल, म्हणजे सूर्यफुलासारखे बिनवासाचे, ऑलिव्हचे नव्हे.

रानजाई:
मनापासून आभार. तेल 'दि सेमी' असेच आहे. लिंबाच्या पुढे 'नोन त्रात्तातो' लिहिले आहे, ते मी 'प्रक्रिया न केलेले' असे लिहिले होते, पण काकूंना त्यातून काहीच बोध होणार नाही.

किसणी:
साल खायची असल्यामुळे फळावर तोडणीनंतर मेण किंवा औषध लावलेले नसावे, एवढाच त्याचा अर्थ. 'सालीवर मेण किंवा औषध न लावलेले लिंबू' असे लिहा, आणि फक्त पिवळा भाग किसावा, पांढरा कडू लागतो, हेही जोडा.

नीरक्षीर:
पुडीबद्दल माझा आक्षेप आहे. १६ ग्रॅमच्या पुडीवर ती ५०० ग्रॅम पिठासाठी असल्याचे छापलेले असते. इथे मैदा २१० ग्रॅमच आहे. मग पूर्ण पुडी कशासाठी? मी ७ ते ८ ग्रॅम घालते आणि केक सारखा फुगतो. पावडर जास्त झाली की केक ओव्हनमध्ये भराभर वर येतो, मग मध्ये खचतो, आणि जिभेवर साबणासारखी कडसर चव राहते.

किसणी:
हिशोब तुमचा बरोबर आहे. तरीही इटलीतल्या घरांत या केकला अख्खी पुडीच घालतात, कारण यात दही, तेल आणि अंडी पिठाच्या मानाने बरीच असतात आणि मिश्रण जड असते. मी स्वतः पूर्ण पुडी घालते आणि माझा केक खचत नाही, पण माझे भांडे उंच आहे.

खमंग_फोडणी:
म्हणजे यीस्ट नकोच तर. बरे, घरचे दही चालेल का? आमचे पातळ असते.

नीरक्षीर:
चालेल. पातळ दही कापडात थोडा वेळ टांगून मग मोजावे. फार आंबट नको.

रानजाई:
मी काकूंना डबी म्हणजे अर्धा कप, पंखा बंद, बिनवासाचे तेल आणि बेकिंग पावडर ८ ग्रॅम असे लिहून देत आहे. मूळ कृतीत १६ ग्रॅम आहे अशी टीप त्याच ओळीखाली असेल. अंड्यांच्या आकाराबद्दल कोणी सांगू शकेल का? कृतीत 'मेदिये', म्हणजे मध्यम, म्हटले आहे.

किसणी:
युरोपात मध्यम अंडे म्हणजे कवचासह ५३ ते ६३ ग्रॅम. काकूंची अंडी त्याहून लहान असतील तर चौथे घालावे की नाही, हे तिन्हींचे एकत्र वजन करूनच ठरवावे.