मदत हवी आहे: 'सोलापुरी चादर' किती वेळा लिहायचं?

आमच्या सोलापुरातल्या दुकानाच्या वेबसाइटसाठी एका चादरीचं पान लिहितोय, ते सर्च इंजिनवर शोधणाऱ्यांना सापडायला हवं. पहिल्या मसुद्यात साधारण 200 शब्दांत 'सोलापुरी चादर' 13 वेळा आलं होतं. मोठ्यानं वाचलं तर फेरीवाल्याची आरोळीच वाटली.

मग ते शीर्षकात, पहिल्या वाक्यात आणि शेवटी एकदा, एवढंच ठेवलं. बाकी ठिकाणी 'पांघरूण', 'जेकार्ड विणकाम', 'सुती', 'दोन्ही बाजूंनी वापरता येते' असं आलं. वाचायला आता बरं वाटतं.

अडलंय ते समानार्थी शब्दांवर. 'बेडशीट' पुष्कळ लोक शोधतात, पण आपली चादर जाड, पांघरायची. तो शब्द घातला तर पातळ बेडशीट हवी असणारे येतील आणि लगेच परत जातील, म्हणून गाळला. 'पलंगपोस'ही त्याच कारणानं नको.

पान मराठीतच आहे, जाहिरातीला पैसे नाहीत. 'सोलापूरची चादर', 'चादरीचा', 'चादरींवर' अशी रूपं ओघात येतातच. ती सर्च इंजिन मूळ शब्दाशी जोडतं का, की 'सोलापुरी चादर' जसंच्या तसं आणखी एक-दोनदा यायला हवं? मराठी पानांवर कुणी दोन्ही करून पाहिलंय का?