मदत हवी आहे: एकपानी रिझ्युमे आणि तोंडी ओळखीचा क्रम

नमस्कार मंडळी. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेल्या एका मुलाचा रिझ्युमे रोजगार मेळाव्यासाठी करून देतो आहे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात मेंटेनन्सची जागा हवी आहे.

ए-फोरचं एकच पान, अक्षर 11 पॉइंट. वर नाव, मोबाइल, राहण्याचा भाग. लगेच खाली 'इलेक्ट्रिशियन, मेंटेनन्स' ही ओळ, कारण गठ्ठ्यातून कागद वेगळे करणारा आधी तेवढंच पाहतो. मग एक वर्षाची अप्रेंटिसशिप. तिथे नुसतं 'मेंटेनन्स केलं' न लिहिता 'स्टार-डेल्टा स्टार्टरची वायरिंग, मेगरने मोटारीचं इन्सुलेशन तपासणं' असं लिहिलंय. छंद आणि डिक्लरेशन काढून टाकलं. प्रिंट लेझरच, इंकजेटची शाई घामाच्या हाताने पसरते, अन् नागपूरच्या उन्हात रांगेत घाम येणारच.

तोंडी ओळख 40 सेकंदांची, साधारण 80 शब्द, कागदाच्याच क्रमाने. क्रम बदलला की समोरचा ते कागदावर शोधत बसतो आणि त्याचं ऐकणं थांबतं.

अडलंय इथे: अप्रेंटिसशिपनंतर तो आठ महिने मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात होता, त्याचं प्रमाणपत्र नाही. ताजं काम आधी या तारखेच्या क्रमाने दुकान वर येतं. बोलताना मात्र अप्रेंटिसशिपपासूनची सुरुवात भक्कम वाटते, कारण तिचं एनएसी हे प्रमाणपत्र हातात आहे. कागदावरही तीच वर घेतली तर उलट्या तारखा पाहून शंका येईल का? आणि दुकानमालकाचा नंबर छापावा, की विचारल्यावरच द्यावा? मुलाखती घेणाऱ्यांनी कृपया सांगा.