शिफारसपत्रं, पात्रता आणि कुलूप लागलेला अर्ज: आपापले अनुभव लिहा

कॉलेज रोडवरून, धागा सुरू करतोय
परदेशी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कुठे फसलात ते लिहा. पहिला मान माझा.

शिफारस देणाऱ्या दोन्ही सरांची नावं आणि ईमेल भरले, शेजारी हिरवी टिक आली. मी समजलो, पत्र मागणारे निमंत्रणाचे मेल सरांना गेले. प्रत्यक्षात तिथे फक्त `Saved` लिहिलेलं होतं. निमंत्रण `Submit` दाबल्यावरच सुटतं, ही ओळ सूचनांच्या पानावर अगदी तळाला होती. शेवटच्या दिवशी रात्री नऊला दाबलं. सकाळी एका सरांना मेल आला, दुसऱ्यांना नाही. पावतीची पीडीएफ उघडली तर पत्त्याच्या शेवटी `.edu.in` हवं तिथे मी नुसतं `.edu` टाकलेलं. दुरुस्त करायला गेलो तर बदलाची पेन्सिलच गायब, पान कुलूपबंद. पत्रांसाठी आणखी सात दिवस होते म्हणून वाचलो. अर्ज क्रमांक, चुकीचा पत्ता आणि बरोबर पत्ता लिहून मदत कक्षाला कळवलं. शुक्रवारी पाठवलेल्या मेलला सोमवारी उत्तर आलं, त्यांनी पत्ता बदलून दिला. पत्र एक दिवस उरला असताना पोचलं. तोवर जेवण गोड लागलं नाही.

अंबड एमआयडीसी
एवढी घाई कशाला? शिफारसपत्रं मुलाखतीला निवड झाल्यावरच मागतात. मी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज केला तेव्हा सुरुवातीला कुणाचंच पत्र लागलं नाही. दोन वर्षांची नोकरी मात्र लागते, तिथेच माझ्या मित्राने 14 महिने झाले म्हणून अर्जच भरला नाही.

गंगापूर रोड, वीस वर्षं शिकवतोय, पत्रंही लिहितो
अंबडकरांचं चेव्हनिंगपुरतं बरोबर आहे, बाकीच्यांना तो नियम लावू नका. काही पोर्टल पान जतन करताच निमंत्रण पाठवतात आणि पत्रं येईपर्यंत अर्ज दाबूच देत नाहीत. काही आधी अर्ज घेतात, मग पत्रांची वाट बघतात. आपलं कुठल्या जातीचं आहे, हे पहिल्या दिवशीच सूचना वाचून ठरवा.

मित्राच्या दोन वर्षांचंही तेच. चेव्हनिंगच्या नियमात 2,800 तास म्हटलंय, आणि फॉर्म आठवडे नि आठवड्याचे तास मागतो. आठवड्याला 48 तास काम असेल तर 59 आठवड्यांत 2,832 होतात. पण पदवीसाठी सक्तीची असलेली इंटर्नशिप त्यात धरू नये.

आता माझ्या बाजूचं. निमंत्रणातली लिंक त्या पत्त्याशी बांधलेली असते. विद्यार्थी जीमेल देतात, कारण कॉलेजचा पत्ता सर उघडत नाहीत असा त्यांचा समज. खरा आहे, मी आठवड्यातून एकदा उघडतो. पण पुष्कळ ठिकाणी संस्थेचाच पत्ता हवा असतो. म्हणून मेल सुटला की फोन करा: "सर, स्पॅममध्ये बघा, विषयात माझं नाव आहे." पोर्टलवर स्थिती `Invited` वरच अडकली असेल तर मी लिंक उघडलेलीच नाही असं धरा. आणि ती लिंक तुम्हाला पाठवा असं मला सांगून स्वतःच पत्र चढवू नका. असं सांगणारा दरवर्षी एक तरी निघतोच.

पंचवटी
माझ्या मुलीचा महाडीबीटीचा अर्ज चुकला होता. कॉलेजच्या लॉगिनला गेला, त्यांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला. तसं परत पाठवत नाहीत का हे लोक?

कॉलेज रोड
ताई, मला तरी तसं दिसलं नाही. मधे कॉलेजचा टप्पाच नव्हता, दाबलं की थेट त्यांच्याकडे.

सिडको
माझी गोष्ट वेळेची. मुदत 16:00 BST, म्हणजे ब्रिटनच्या उन्हाळी वेळेनुसार होती. मी GMT धरून साडेपाच तास मिळवले आणि रात्री साडेनऊपर्यंत वेळ आहे म्हणून निवांत बसले. ब्रिटनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, त्याआधी आपण साडेचारच तास पुढे. साडेआठलाच बंद झालं. पावणेनऊला बघते तर बटण राखाडी. वर पात्रता तपासणीचं "आपण पात्र आहात" तसंच हिरवं.

गंगापूर रोड
ते हिरवं आपण दिलेल्या उत्तरांवरून येतं. कागद कुणी अजून बघितलेले नसतात. उत्तर चुकीचं असेल तर पुढे कागद बघताना बाद करतात.

सातपूर
माझ्या एका सरांची ऐन वेळी बदली झाली, जुना पत्ता बंद पडला. अर्ज दाबून झालेला. माणूस तोच, पत्ता नवा, असं चालतं की शिफारस देणाराच बदलायचा?

कॉलेज रोड
माझ्या वेळी पत्ता बदलला, माणूस नाही. माझ्याच वर्षी दुसऱ्या विद्यापीठाच्या अर्जात एकाला नाही म्हणाले होते. कुणाला माणूस बदलून मिळालाय का?