टू व्हीलरचं लोन : तुम्ही एकूण व्याज किती भरलंत?

धागाकर्ता: स्कूटर घ्यायचीय, ऑन रोड १,१०,००० पडतेय. २० हजार डाऊन पेमेंट, ९० हजारांचं लोन, ३६ महिने. शोरूमवाला फायनान्स ९ टक्के म्हणतो, हप्ता ३१७५. बँक १२ टक्के म्हणते आणि हप्ता २९८९. जास्त टक्क्यांवाल्याचा हप्ता कमी कसा?? आपापले आकडे टाका प्लीज, एकूण व्याज किती गेलं ते.

हिशेबी_मावशी: ते ९ टक्के फ्लॅट असणार. म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत आणलंत तरी व्याज तिन्ही वर्षं पूर्ण ९० हजारांवरच, २४,३०० होतात. बँकेचे १२ शिल्लक रकमेवर, तिथे एकूण १७,६०० च्या आसपास. एक्सेलमध्ये हे टाकून बघा:

```
=RATE(36,-3175,90000)*12
```

सव्वासोळा टक्के येईल, तोच त्या ९ चा खरा दर.

साताऱ्याचा_पाहुणा: एवढं डोकं कशाला, डाऊन पेमेंट वाढवा की. मी अर्धे पैसे रोख भरले, व्याज निम्म्यावर आलं.

हिशेबी_मावशी: भाऊ, व्याज वाचतं हे खरं, पण ह्यांच्या आकड्यांत बघा. अजून २० हजार भरून ७० हजारांचं लोन घेतलं तर तीन वर्षांचं व्याज १३,७००, म्हणजे वाचले ३,९००. तेच लोन ९० हजारच ठेवून २४ महिन्यांत फेडलं तर व्याज ११,७००, वाचले ५,९००, आणि २० हजार घरातच राहिले. हप्ता मात्र ४,२३७ होतो, तो झेपायला हवा.

डिलिव्हरीवाला: झेपण्याचंच तर आहे ताई. पावसाळ्यात धंदा बसतो, मी मुद्दाम ३६ घेतले आणि दिवाळीत जास्तीचे भरून टाकू म्हटलं, तर मुदतीआधी फेडायला चार्ज लावला. आधी विचारलंच नव्हतं.

नागपूरकर: माझं लोन संपलं पण आरसीवरचा बोजा निघत नाहीये, एनओसी कुठे द्यायची?

डिलिव्हरीवाला: आरटीओत, फॉर्म ३५ सोबत. पण इथे व्याजाचं चाललंय दादा 😀

कोथरूडची: मला ० टक्के व्याज सांगितलं होतं. खूश. मग कळलं रोखीने घेणाऱ्याला ४ हजार सूट होती ती मला नाही, वर प्रोसेसिंग फी २,५०० लोनमधून कापली. हेच व्याज झालं ना?

हिशेबी_मावशी: झालंच. फी धरून वार्षिक दर केएफएसमध्ये, म्हणजे लोनच्या मुख्य माहितीच्या कागदात, लिहावा लागतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ती हुकलेली सूट त्यात दिसणार नाही, ती आपणच धरायची.

धागाकर्ता: शोरूमवाल्याकडे केएफएस मागितला तर म्हणतो सही झाल्यावर देतो. बँकेचंच घेतोय बहुतेक. २४ की ३६ ह्यावर मात्र घरात अजून वाद चालूय, बायको म्हणते २० हजार हाताशी राहू देत आणि हप्ताही लहान घ्या.