शब्दचर्चा : या बिटला नेमकं काय म्हणायचं?

निळीशाई : सोबत एका बिटचा फोटो दिला आहे. भिंतीत भोक पाडायचं आहे, एवढं मला कळतं. टोकाला राखाडी रंगाचा चपटा तुकडा बसवलेला आहे, मधला भाग मळसूत्रासारखा आणि मशीनमध्ये जातो त्या बाजूला लांबट खाचा. टोक बोथट झाल्यामुळे तसंच नवीन हवंय. खाचांच्या बाजूला मोजलं तर बरोबर १० मिमी भरलं, म्हणून 'हॅमर बिट १० मिमी' असं लिहून मागवलं. आलेल्या बिटचं बूड गुळगुळीत गोल निघालं, मशीनमध्ये बसेचना. तर या बिटचं पूर्ण नाव काय? आणि मशीनमध्ये जाणाऱ्या भागाला मराठीत काय म्हणतात? मी 'बूड' म्हटलंय, पण तो शब्द बरोबर वाटत नाही.

खटपट्या : मेसनरी बिट आहे हे. टोकावरचा राखाडी तुकडा कार्बाईडचा, तो वेगळा करून खाचेत डाकलेला असतो. लाकडाच्या बिटला टोकाच्या मधोमध सुईसारखा काटा असतो आणि लोखंडाच्या साध्या बिटला असा जोडतुकडा नसतो, तेव्हा यात शंका नाही. १० मिमीचं कुठलंही मेसनरी बिट चालेल. मशीनचा चक नीट आवळला नसेल, चावीने घट्ट करून बघा.

रेवा_जो : टोकाबद्दल खटपट्यांचं म्हणणं अगदी बरोबर, पण 'कुठलंही चालेल' हे नाही. बिटचं नाव दोन बाजूंनी ठरतं. टोक सांगतं भोक कशात पाडायचं आणि मागचा दांडा सांगतो ते कोणत्या मशीनमध्ये जाईल. फोटो मोठा करून दांड्याकडे बघा. एक खाच शेवटापर्यंत जाऊन उघडी राहिली आहे आणि तिच्या शेजारची दोन्हीकडून बंद, लांबट खळग्यासारखी आहे. पलीकडच्या बाजूला अशीच जोडी असणार. उघड्या दोन आणि बंद दोन असल्या की ते एसडीएस-प्लस. अशा मशीनला चावीचा चक नसतो, त्यामुळे आवळायला काही नाहीच. बंद खळग्यात मशीनमधल्या गोळ्या अडकतात आणि बिट बाहेर पडत नाही, उघड्या खाचांमधून ते फिरवलं जातं. बसल्यावरही ते थोडं पुढेमागे हलतं. ते सैल नाही, ठोका बसायला तेवढी मोकळीक लागतेच.

गोंधळ झाला तो 'हॅमर' या शब्दाने. चावीच्या चकचं ठोकणारं ड्रिल आणि एसडीएसचं रोटरी हॅमर, दोन्हींना बोलताना 'हॅमर'च म्हणतात. म्हणून मागवताना 'हॅमर बिट' एवढंच कधी लिहू नका.

मेघ_मल्हार : असंच माझंही झालं, फक्त घासायच्या चकतीचं. चकतीचा फोटो दाखवून तशीच मागवली. आली ती त्याच आकाराची, पण मशीनला चिकटेना. हेही दांड्यासारखंच का?

रेवा_जो : हो, तुम्ही फोटो खरखरीत बाजूचा काढला असणार. चकती ओळखायची तिच्या पाठीवरून. पाठ केसाळ आहे की साधा कागद, भोकं किती आणि P120 सारखा आकडा कोणता छापलाय, हे सगळं मागेच दिसतं. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न मागे पडेल.

निळीशाई, आता मापाकडे येते, कारण दुसरी चूक तिथे आहे. एसडीएस-प्लसचा दांडा १० मिमीचाच असतो, मग भोक ५ मिमीचं पाडायचं असो की २० चं. तुम्ही मोजलेले १० मिमी हे दांड्याचं माप आहे, भोकाचं नाही. दांड्यावर तीन आकडे कोरलेले दिसतात का? ८ × १०० × १६० असे असतील तर भोक ८ मिमीचं, कामाची लांबी १०० आणि एकूण लांबी १६० मिमी.

निळीशाई : आकडे पुसले गेलेत, शेवटी फक्त १६० वाचता येतंय. आणि बिट आत्ता माझ्याजवळ नाही, फोटोच आहे.

रेवा_जो : मग दांडाच पट्टी म्हणून वापरा. तो १० मिमीचा आहे हे आपल्याला ठाऊक आहे. फोटो मोठा करून दांड्याची रुंदी आणि टोकाच्या चपट्या तुकड्याची रुंदी स्क्रीनवर मोजा, दुसरीला पहिलीने भागा आणि आलेल्या उत्तराला १० ने गुणा. मी तुमच्या फोटोवर मोजलं : दांडा १५० पिक्सेल, टोक ९५. म्हणजे ६.३ मिमीच्या आसपास. मळसूत्राचा भाग मोजू नका, तो टोकापेक्षा बारीक असतो.

यात दोन ठिकाणी फसायला होतं. तुकडा चपटा असल्याने तो कॅमेऱ्यासमोर आडवा हवा. कडेने दिसला तर निम्माही भरणार नाही. तुमच्या फोटोत तो जवळजवळ पूर्ण आडवा आहे. दुसरं म्हणजे जवळून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचं टोक फुगतं आणि लांबचा दांडा आक्रसतो. पुन्हा फोटो काढाल तेव्हा बिट टेबलावर ठेवून हातभर उंचीवरून, झूम करून, बरोबर मधोमध काढा.

खटपट्या : मी दांडा बघितलाच नव्हता, चकचा सल्ला मागे घेतो. पण ६.३ चं बिट मिळत नाही. मग ६ की ६.५?

रेवा_जो : फोटोवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही. नवीन ६ चं टोक छापील मापापेक्षा जरा जास्तच भरतं आणि झिजलेलं ६.५ कमी भरतं, दोन्ही इथेच येतात. निळीशाई, भिंतीत बसवायच्या प्लास्टिकच्या गुल्ल्या शिल्लक आहेत का? गुल्लीवर किंवा पाकिटावर भोकाचं माप असतं, ते पक्कं धरा.

वाचकमित्र : शब्दाबद्दल विचारलंय म्हणून सांगतो, एसडीएस म्हणजे 'स्पेशल डायरेक्ट सिस्टिम'.

रेवा_जो : इंग्रजीत तसं सांगितलं जातं, पण ते नंतर चिकटवलेलं. १९७५ साली बॉशने ही पद्धत आणली, तेव्हाचे जर्मन शब्द म्हणजे श्टेक, ड्रे, झिट्स्ट. घाला, फिरवा, बसलं. बिट बसवताना हात नेमकं हेच करतो, म्हणून मला ते नाव आवडतं.

आजोबांचा_रंधा : मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. आमच्या घरी सुतारकाम होतं. गिरमिट हाताने फिरवायचं, सामता कमानीच्या दोरीने, आणि आता 'ड्रिल' म्हटलं की मशीन की बिट तेही कळत नाही. मशीनमध्ये जाणाऱ्या भागाला मी 'दांडा' म्हणेन. बूड म्हणजे खालचा भाग, तो इथे पटत नाही. खाच मात्र खाचच.

खटपट्या : दांडा म्हटलं की हातात धरायचा भाग वाटतो, कुऱ्हाडीचा असतो तसा. 'शेपूट' का नको? मी तेच म्हणतो आणि समोरच्याला कळतं.

आजोबांचा_रंधा : शेपूट मोकळी लोंबते. हा भाग आत धरून ठेवला जातो.

निळीशाई : गुल्ल्या सापडल्या. त्यांच्यावर ६ लिहिलंय. 'एसडीएस-प्लस, मेसनरी, ६ × १०० × १६०' असं लिहून मागवते. १०० मात्र अंदाजाने, फोटोत कामाचा भाग एकूण लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडा कमी दिसतोय.