मदत हवी आहे: आईबाबांसाठी नव्या फोनवर मेल चालू करायचा मराठी कागद

निशिगंध
बाबा ७४ वर्षांचे, आई ७०. दोघं मिरजेला, मी पुण्यात. परवा बाबांनी नवा फोन घेतला आणि मेल चालूच होत नाही. फोनवरून सांगून माझा घसा बसला. भिंतीवर लावता येईल असा, एकेक पायरी लिहिलेला कागद कुणाकडे आहे का? नेहमीच्या चुकांसकट. आजच हवाय, पेन्शनचा मेल बघायचा आहे.

चक्रधर
फोन अँड्रॉइड की आयफोन? मेल जीमेलच ना? आणि पडद्यावर नेमकं काय लिहून येतंय? "चालू होत नाही" एवढ्यावर काही सांगता येत नाही.

गारवा
माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. साठवण भरली होती. जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीच फुकट असतात. व्हिडिओ उडवले आणि मेल यायला लागले. तेच करा.

निशिगंध
साठवणीचं काही नसावं, फोन कोरा आहे. अँड्रॉइड, जीमेल. पासवर्ड चुकला म्हणतो, पण बाबा डायरीत बघूनच घालतात. आणि आता म्हणतात की मेल उघडला, पण आतले सगळे मेल उडाले!

चक्रधर
गारवाताई, ती साठवण गूगलच्या खात्याची, फोन कोरा असला तरी भरलेली असू शकते. पण इथे तसं दिसत नाही. निशिगंध, बाबांना जीमेलमध्ये वर उजवीकडच्या गोलावर बोट ठेवायला सांगा आणि तिथला पत्ता अक्षर न् अक्षर वाचून घ्या. पासवर्ड चुकल्यावरच्या पडद्याचा फोटोही मागवा.

निशिगंध
पत्ता वाचला. बाबांच्या नावापुढे ७४ लागलंय! त्यांचा पत्ता असा नाहीच. फोटोत लाल अक्षरात `Your password was changed 7 months ago` आहे.

चक्रधर
मग मेल उडालेले नाहीत. पासवर्ड लागेना म्हणून बाबांनी `Create account` दाबलं आणि दुसरंच नवं खातं तयार झालं. ते रिकामंच असणार. आणि ती लाल ओळ सांगते की बाबा जुना पासवर्ड घालतायत. सात महिन्यांपूर्वी कुणी बदलला?

निशिगंध
ताईने. दिवाळीत घरी आली होती तेव्हा. डायरीत लिहायचं राहिलं. तिच्याकडून घेतला. आता पासवर्ड चालला, पण पडद्यावर ४७ आकडा आलाय आणि जुन्या फोनवर बघा म्हणतो. जुना फोन कपाटात बंद आहे, सिम नव्यात. रविवारी दुकानात बदलीत द्यायचा आहे.

भटक्या
सिम नाही तर जुन्या फोनवर काही येणार नाही. सिम परत टाका.

चक्रधर
तो आकड्याचा संदेश इंटरनेटवरून येतो, त्याला सिम लागत नाही. जुना फोन चार्ज करा, घरच्या वायफायला जोडा, `Yes` दाबा आणि ४७ निवडा. तेही नाही जमलं तर नव्या फोनवर `Try another way` दाबा. नंबर खात्याला जोडलेला असेल तर एसेमेसचा कोड मागता येतो, आणि सिम नव्यात असल्याने तो तिथेच येईल. तो कोड फोन करून विचारणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही, "मेलवाल्या साहेबां"नाही नाही.

भटक्या
कोडची भानगड म्हाताऱ्या माणसांना कशाला? दोन टप्प्यांची तपासणी बंदच करून टाका. आमच्याकडे तसंच केलंय.

गारवा
अजिबात नको! बँकेचे मेलही त्याच खात्यावर येतात.

सायली_क
लॅपटॉपवर आउटलुकमध्ये जीमेल जोडताना काय करायचं? मला पण हवंय.

चक्रधर
सायली, वेगळा धागा काढा. निशिगंध, कागदावर एवढंच लिहा, अक्षरं मोठी ठेवा:

१. नवा फोन पूर्ण चालू होईपर्यंत जुना फोन कुणाला द्यायचा नाही, पुसायचाही नाही.
२. जीमेल उघडा. वरच्या गोलावर दाबा, मग `Add another account`, मग `Google`.
३. आपला पत्ता डायरीतून टाका. `Create account` कधीही दाबायचं नाही.
४. पासवर्ड टाकताना `Show password` वर खूण करा. शून्य आणि O यात फरक आहे.
५. आकडा आला तर जुना फोन बघा.
६. मेल रिकामे दिसले तर आधी गोलावरचा पत्ता बघा.

चुकून झालेलं खातं `Manage accounts on this device` मधून फोनवरून काढता येतं. त्याने खात्यातलं काही पुसलं जात नाही. आणि रविवारच्या आत गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून, जुना फोन हाताशी नसताना चालणारे बॅकअप कोड काढून डायरीत लिहा. दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. वापरला की बाबांनी खोडायचा.

निशिगंध
जुना फोन चालू केला, ४७ दाबलं, मेल आले! पेन्शनचाही आहे. आईने स्वतः `Yes` दाबलं. कोड डायरीत ठेवले आणि डायरीच हरवली तर? की ताईकडे ठेवू?

भटक्या
म्हणूनच म्हणतो, बंद करा.